बिल पीओपेक्षा कमीच होतं, तरी होल्डला का पडलं? फरकाचा ईमेल असा लिहा

नमस्कार मंडळी, आज शिरोलीतल्या आमच्या ऑफिसमधूनच बोलतोय, मागनं फेटलिंगच्या ग्राइंडरचा आवाज आला तर जरा सांभाळून घ्या. मी इथं फौंड्रीत बिलिंग बघतो. आज एकच गोष्ट घेऊया, आपलं बिल आणि पार्टीचा पीओ, म्हणजे त्यांची खरेदीची ऑर्डर, यात नग पण वेगळे आणि दर पण वेगळा, तर खुलाशाचा ईमेल कसा लिहायचा. आमचं एक बिल याच कारणानं तेवीस दिवस अडकलं होतं, तेच दाखवतो.

पार्टी चाकणची. पीओ होता ५०० नग ब्रॅकेट कास्टिंगचा, दर ४३२ रुपये नगाला. हा दर कसा आला, तर एका कास्टिंगचं वजन ४.८ किलो आणि किलोला ९० रुपये. म्हणजे पीओची रक्कम २,१६,००० रुपये, जीएसटी बाजूला ठेवूया, हिशेब सोपा राहील.

आता आमचं बिल बघा. नग ४८२, दर ४४६.४०, रक्कम २,१५,१६४.८०. म्हणजे पीओपेक्षा ८३५ रुपये २० पैसे कमी! आमच्या डिस्पॅचवाल्या पोराचं म्हणणं, दादा आपण तर कमीच पैसे मागतोय, मग कोण कशाला अडवंल? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पण पार्टीची सिस्टीम नुसती एकूण रक्कम बघत नाही, ती प्रत्येक ओळीला दर पीओशी लावते आणि नग स्टोअरच्या जीआरएनशी लावते, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद. दर नगाला १४.४० नं जास्त दिसला की बिल थांबलं, खालची रक्कम कितीही कमी असू दे.

मग आम्ही पहिला ईमेल काय केला? "साहेब, बिल बरोबर आहे, मटेरियलचे दर वाढलेत आणि थोडा माल कमी आहे, कृपया पास करावे." बस्स. अकाउंट्सनं तो स्टोअरला पाठवला, स्टोअरवाले म्हणाले दराचं आम्हाला काय माहीत, मग तो गेला पर्चेसला, तर पर्चेस म्हणालं नग किती आले ते स्टोअरला विचारा. ईमेल नुसता फिरत राहिला. आणि चूक आमचीच होती, कारण दोन वेगळे प्रश्न आम्ही एका वाक्यात कालवून टाकले होते.

तर करायचं काय, आधी कागदावर त्या ८३५.२० ची फोड करायची. १८ नग कमी गेले, ते पीओच्या दरानं धरा, १८ गुणिले ४३२, म्हणजे ७,७७६ रुपये कमी. मग दराचा फरक १४.४०, तो गेलेल्या ४८२ नगांवरच धरा, ६,९४०.८० जास्त. ७,७७६ मधनं ६,९४०.८० वजा केले की बरोब्बर ८३५.२० उरतात. इथं बरेच जण १४.४० ला ५०० नं गुणतात, ७,२०० येतात, मग फरक ५७६ निघतो आणि हिशेब जुळत नाही. जे नग गेलेच नाहीत त्यांच्यावर वाढीव दर कसा लागेल, एवढं डोक्यात ठेवलं की चुकत नाही.

आता कारणं. १८ नग कमी का, तर फायनल तपासणीत त्यात ब्लोहोल सापडले म्हणून पाठवलेच नाहीत. दर जास्त का, तर पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव वाढले म्हणून पार्टीच्या पर्चेसनंच किलोला ३ रुपये वाढ ईमेलवर मान्य केली होती, १ तारखेपासून निघणाऱ्या मालाला. ४.८ किलोला ३ रुपयांप्रमाणे झाले १४.४०. आमचा माल गेला ६ तारखेला. फक्त त्यांच्या सिस्टीममध्ये पीओचं अमेंडमेंट कुणी केलंच नव्हतं, तिथं जुने ४३२ च दिसत होते.

मग दुसरा ईमेल असा गेला, वाचून दाखवतो:

"विषय: बिल आणि पीओतील फरक – १८ नग कमी, दर नगाला १४.४० जास्त

नमस्कार साहेब,

पीओची रक्कम २,१६,०००, बिलाची रक्कम २,१५,१६४.८०, निव्वळ फरक ८३५.२० कमी. यात दोन वेगळी कारणं आहेत.

नग (स्टोअरसाठी): पीओ ५००, पाठवले ४८२. १८ नग आमच्या तपासणीत रिजेक्ट झाल्यामुळे पाठवलेले नाहीत आणि त्यांचे बिलही केलेले नाही. फरक ७,७७६ कमी. ४८२ नगांचा जीआरएन झाला आहे का, कृपया कळवावे.

दर (पर्चेससाठी): पीओ ४३२, बिल ४४६.४०. किलोला ३ रुपये वाढ आपण १ तारखेपासूनच्या डिस्पॅचला मान्य केली आहे, तो ईमेल सोबत जोडला आहे. माल ६ तारखेला निघाला. ४८२ नगांवर फरक ६,९४०.८० जास्त. कृपया पीओ अमेंडमेंट करून द्यावे.

उरलेले १८ नग हवे आहेत की पीओ शॉर्ट क्लोज करायचा, तेही कळवावे.

सोबत: बिल, डिलिव्हरी चलन, दरवाढीचा ईमेल."

स्टोअर आणि पर्चेस दोघांना 'टू' मध्ये ठेवलं, अकाउंट्सला 'सीसी' मध्ये. ज्याचा त्याचा भाग त्याला दिसला.

मध्येच तिकडनं एक फोन आला होता, "८३५ चाच फरक आहे ना, नोट काढून मिटवून टाका." असं अजिबात करू नका. डेबिट नोटनं बिल ओढूनताणून २,१६,००० केलं तर ४८२ नगांना दर पडतो ४४८ च्या वर, हा दर ना पीओत आहे ना त्या ईमेलमध्ये. रक्कम जुळते पण दर कशाशीच जुळत नाही, आणि न पाठवलेल्या मालाचे पैसे लावल्यासारखं होतं ते वेगळंच.

पण एक नीट ऐका, हा ईमेल बिल खरोखर बरोबर असेल तरच चालतो. दरवाढ नुसती फोनवर बोलली असेल, लेखी काहीच नसेल, तर खुलासा कशाच्या जोरावर देणार? तेव्हा पीओच्याच दरानं बिल करायचं आणि अमेंडमेंट हातात आलं की फरकाची डेबिट नोट काढायची. तसंच त्यांचा जीआरएन ४८० चा निघाला आणि बिल ४८२ चं असेल, तर आधी चलन आणि गेटची नोंद तपासा, दोन नग खरंच कमी पोचले असतील तर क्रेडिट नोट द्यावीच लागते. ई-इन्व्हॉइस असेल तर पोर्टलवर ते २४ तासांच्या आतच रद्द होतं, नंतर नोटेचाच रस्ता उरतो, म्हणून बिल काढायच्या आधी पीओचा दर एकदा उघडून बघायची सवय आता आम्ही लावून घेतलीय.

आमच्या त्या ईमेलला स्टोअरचं उत्तर त्याच दिवशी आलं, ४८२ चा जीआरएन जोडून. पर्चेसनं दोन दिवसांत अमेंडमेंट पाठवलं आणि १८ नग पुढच्या लॉटमध्ये द्या म्हणाले. ते १८ नग गेले तेव्हा बिलाला पीओ नंबरासोबत अमेंडमेंट नंबरही टाकला, आणि ते बिल कुठंही थांबलं नाही.