डबा गरम पोहोचवायचा असेल तर आधी कुठे जावे? शहापूरच्या एका स्वयंपाकघराचा हिशेब

नमस्कार मंडळी. आजचा विषय एका प्रश्नाभोवतीचा आहे: स्कूटरवर चोवीस डबे घेऊन निघालेल्या माणसाने कोणत्या घरी आधी आणि कोणत्या घरी शेवटी जावे, म्हणजे आमटी पानात पडेपर्यंत तिची वाफ टिकेल? माझ्या आत्याचे बेळगावात शहापूरला डब्यांचे काम आहे. डबे माझा आतेभाऊ पोहोचवतो. त्याच्याबरोबर आठवडाभर फिरून मी वेळा लिहून काढल्या आणि त्याच आकड्यांवर आज बोलणार आहे. तुमचे आकडे निराळे असतील, पण मोजण्याची रीत हीच राहील.

त्यांचे पाच थांबे आहेत. टिळकवाडीत मुलांच्या वसतिगृहात दहा डबे जातात, उद्यमबागेतील एका कारखान्यात सहा, चन्नम्मा चौकाजवळच्या कार्यालयांत पाच, कॅम्पात दोन आणि वडगावात एका वृद्ध जोडप्याकडे एक.

भाऊ पूर्वी शहराला एक वळसा घालत असे: शहापुरातून चन्नम्मा चौक, तेथून कॅम्प, टिळकवाडी, उद्यमबाग आणि शेवटी वडगावावरून घरी. गाडीचे 52 मिनिटे आणि दारोदार थांबण्याची 17 मिनिटे धरून ही फेरी 69 मिनिटांत पूर्ण होई. रस्ता कमी, पेट्रोल कमी, आणि नकाशावर पाहिले तर कोणालाही हाच मार्ग सर्वांत शहाणा वाटेल. तरीही कारखान्यातून कोमट भाताची तक्रार नेमाने येत असे.

आता निघाल्यापासून डबा हातात पडेपर्यंत कोणाला किती मिनिटे लागतात ते पाहू. चन्नम्मा चौक 17, कॅम्प 26, टिळकवाडी 37, उद्यमबाग 50 आणि वडगाव 64. प्रत्येक थांब्याच्या मिनिटांना तेथल्या डब्यांच्या संख्येने गुणून बेरीज केली तर ती 871 येते. या बेरजेला मी डबा-मिनिटे म्हणतो. भागिले चोवीस केल्यावर कळते की सरासरीने प्रत्येक डबा 36 मिनिटे पिशवीत राहिला. पेट्रोलचा हिशेब गाडी किती फिरली यावर होतो, पण अन्नाचा हिशेब डबा किती वेळ वाट पाहत राहिला यावर होतो, आणि हे दोन हिशेब एकाच क्रमाने जुळतील असे नाही. वळशात सर्वांत मोठा गठ्ठा, म्हणजे टिळकवाडीचे दहा डबे, दोन थांबे फिरून मग आपल्या जागी पोहोचत होता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. रस्त्यावर जाणारे प्रत्येक मिनिट त्या क्षणी पिशवीत असलेल्या सर्व डब्यांना सोसावे लागते. पिशवीत चोवीस डबे असताना पाच मिनिटे वाया गेली तर 120 डबा-मिनिटे गेली. तीच पाच मिनिटे तीन डबे उरल्यावर गेली तर केवळ 15. म्हणून पिशवी लवकर हलकी करणारा थांबा आधी घ्यावा आणि लांबचा फेरा शक्यतो पिशवी हलकी झाल्यावर करावा. वडगाव शहापूरपासून पाच मिनिटांवर आहे, म्हणून ते आधी उरकावे असे भावाला वाटत होते. पण वडगावला जाऊन टिळकवाडीला वळल्यास टिळकवाडी 11 मिनिटांनी लांबते, आणि ती 11 मिनिटे उरलेले तेवीस डबे सोसतात, म्हणजे 253 डबा-मिनिटे एका डब्यासाठी खर्च होतात. सर्वांत जवळचे घर आधी, ही सवय येथे फसवते.

(फळ्यावर दुसरा क्रम लिहावा.)

मग आम्ही टिळकवाडी पहिली घेतली. तेथे 10 मिनिटांत दहा डबे उतरतात. खानापूर रस्त्याने पुढे उद्यमबाग 23 मिनिटांवर येते, आणि तोवर चोवीसपैकी सोळा डबे पोहोचलेले असतात. त्यानंतर चन्नम्मा चौक 45, कॅम्प 54 आणि वडगाव 73. बेरीज 644 झाली, म्हणजे सरासरी 36 वरून 27 मिनिटांवर आली. फेरी मात्र 69 ऐवजी 78 मिनिटांची झाली.

एवढ्यावर समाधान मानले असते, तर वडगावच्या आजी-आजोबांवर अन्याय झाला असता. त्यांचा डबा 64 ऐवजी 73 मिनिटांनी पोहोचू लागला, आणि सरासरीच्या आकड्यात त्यांचा एक डबा दिसतही नाही. म्हणून बेरजेबरोबर दुसरा आकडा पाहावाच लागतो: सर्वांत उशिरा मिळणारा डबा किती वेळ पिशवीत राहिला. त्याला मर्यादा लागते, आणि ती मर्यादा अंदाजाने ठरवू नये.

ती अशी काढावी. आमटीने भरलेला एक जादा डबा घ्यावा, स्वयंपाकघरातील थर्मामीटरने त्याचे तापमान पाहावे, झाकण लावून तो पिशवीत इतर डब्यांबरोबर ठेवावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. आमच्याकडे बाहेर 30 अंश असताना 80 अंशांची आमटी अर्ध्या तासात 68 वर आली. पदार्थ निवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जितका अधिक गरम असेल त्या प्रमाणात. म्हणजे आरंभीचा 50 अंशांचा फरक 38 वर आला, सुमारे 76 टक्के उरला, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्या 38 चे पुन्हा 76 टक्के, सुमारे 29, उरतील. म्हणजे तासाभराने आमटी 59 अंशांच्या आसपास असेल. त्या हिशेबाने 60 अंशांची खूण सुमारे 55 मिनिटांवर येते. 60 ही खूण यासाठी की गरम अन्न तिच्याहून वर ठेवावे असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. शिजवूनही भातात टिकून राहणारे जिवाणूंचे बीजाणू त्याखाली वाढू लागू शकतात. त्याला तास लागतात, दहा मिनिटांनी डबा धोक्याचा होत नाही. पण 60 च्या खाली आमटी तोंडालाही निवलेलीच लागते.

या 55 मिनिटांवरही पूर्ण विसंबू नये. पिशवी भरलेली असते तेव्हा डबे एकमेकांना ऊब देतात. शेवटचे दोन-तीन डबे उरतात तेव्हा पिशवीत मोकळी हवा असते, प्रत्येक थांब्यावर झाकण उघडल्याने ती पुन्हा थंड होते, आणि तेच डबे सर्वांत लांबची वाट काढत असतात. मोकळ्या जागेत जाड टॉवेल कोंबल्याने बराच फरक पडतो. मी नमुन्याचा डबा पूर्ण फेरीभर नेऊन शेवटी मोजतो, कारण तोच खरा आकडा.

(नकाशावर शहापूरवर बोट ठेवावे.)

उत्तर मात्र नकाशाने दिले, आणि ते मला इतके दिवस दिसले नव्हते. दक्षिणेचे तीन थांबे, टिळकवाडी, उद्यमबाग आणि वडगाव, एकामागून एक घेतले की वडगावहून उत्तरेला चन्नम्मा चौकाकडे जाताना वाट शहापुरावरूनच जाते. स्वयंपाकघर जर वाटेतच आहे, तर चौकाचे आणि कॅम्पाचे सात डबे सुरुवातीपासून पाठीवर का वाहायचे? ते दुसऱ्या खेपेला भरावेत, कारण घड्याळ गाडी सुटल्यापासून चालू होत नाही, झाकण लागल्यापासून चालू होते.

बारा वाजता भाऊ सतरा डबे घेऊन निघतो. टिळकवाडीला 12:10, उद्यमबागेला 12:23, वडगावला 12:37 आणि 12:42 ला तो घरी. तोवर आत्याने दुसरी पिशवी भरून ठेवलेली असते. आमटीचे पातेले मंद आचेवर असते आणि चपात्या त्याच वेळी भाजून होतात, त्यामुळे त्या वाफेने ओल्या होत नाहीत. 12:47 ला निघून चन्नम्मा चौकात 1:04 आणि कॅम्पात 1:13. दुसऱ्या खेपेचे डबे 17 आणि 26 मिनिटांत पोहोचतात. आता सर्वांत उशिराचा डबा वडगावचा, 37 मिनिटांचा, म्हणजे हिशेबाने 65 अंशांच्या वर. एकूण बेरीज 412. जुन्या 871 च्या निम्म्याहूनही कमी. भाऊ 85 मिनिटांनी मोकळा होतो, पूर्वीपेक्षा 16 मिनिटे उशिरा, आणि हा सौदा मला पूर्णपणे योग्य वाटतो. कार्यालयांची जेवणाची सुट्टी एकनंतर असल्यामुळे तेथे उशीर कोणालाही जाणवला नाही. सुट्टी बारा वाजता असती, तर हीच योजना उलट क्रमाने मांडावी लागली असती.

एक फायदा अनपेक्षित होता. जुन्या मार्गात कॅम्पाहून टिळकवाडीला येताना रेल्वे गेट बंद मिळाले की पाच मिनिटे जात, आणि तेव्हा पिशवीत सतरा डबे असत. आता ते अंतर त्याच्या वाटेतच येत नाही.

भरण्याचा क्रमही सांगितला पाहिजे. एक डबा भरायला आत्याला पाऊण मिनिट लागते, म्हणजे सतरा डब्यांना सुमारे 13 मिनिटे. आधी उतरणारे टिळकवाडीचे डबे आधी भरावेत आणि वडगावचा शेवटी. पण पिशवी उभी रचली तर शेवटी भरलेला वडगावचा डबा सर्वांत वर येतो आणि टिळकवाडीला पोहोचल्यावर सगळे उपसावे लागते. त्यामुळे एका मोठ्या पिशवीऐवजी आडवे कप्पे असलेली पिशवी घ्यावी, किंवा थांब्याप्रमाणे लहान पिशव्या कराव्यात, म्हणजे उद्यमबागेची पिशवी उद्यमबागेपर्यंत उघडावीच लागत नाही.

स्वयंपाकघर गावाच्या एका टोकाला असेल तर मधल्या खेपेला परतणे महाग पडेल, आणि घरी भरून देणारे दुसरे माणूस नसेल तरीही ही रीत चालणार नाही. तेथे मोठा गठ्ठा आधी हा नियम आणि शेवटच्या डब्याची मर्यादा, या दोहोंवरच क्रम बसवावा. पाच थांब्यांचे 120 क्रम होतात, पण ते सगळे तपासू नयेत. ठरवलेल्या क्रमातले शेजारचे दोन थांबे अदलाबदल करून बेरीज कमी होते का एवढे पाहिले, तरी बहुतेक चुका सापडतात.

जूनपासून सगळे पुन्हा मोजावे लागते. बेळगावच्या पावसात बाहेर 22 अंश असले तर आमच्या पिशवीची 55 मिनिटांची मर्यादा 46 वर येते, आणि ओल्या रस्त्यावर टिळकवाडीपर्यंत गाडीच्या 7 मिनिटांची 10 होतात. वसतिगृहाला सुट्टी लागून दहाचे तीन डबे उरले की टिळकवाडीचे वजनही कमी होते. मात्र ती उद्यमबागेच्या वाटेवरच असल्याने आम्ही तिची जागा बदलत नाही. भावाने पावसाळ्यासाठी वेळांचा दुसरा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आहे, आणि त्यात वडगावचा आकडा 41 मिनिटांचा आहे.