चाराणे, आठाणे, बाराणे: बिलाची बेरीज पैशांत का ठेवावी

नमस्कार. आज मी एकाच बिलाबद्दल बोलणार आहे. बिल साडेएकतीस रुपयांचं आहे आणि त्यात तीनच ओळी आहेत.

काही वर्षांपूर्वी स्टेशनरीच्या एका ठोक दुकानासाठी मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. एके दिवशी दुकानदारांचा फोन आला. म्हणाले, "सकाळी एकाला एकतीस रुपयांचं बिल दिलं, दुपारी दुसऱ्याला त्याच मालाचं बत्तीसचं. दोघं शेजारी आहेत, आणि आता दोघं मिळून माझ्यासमोर उभे आहेत." मी दोन्ही बिलं मागवली. माल तोच, दर तोच, सवलत तीच. सवलत वजा जाऊन वही २० रुपये २० पैसे, रिफिल १० रुपये १० पैसे आणि पाकीट १ रुपया २० पैसे. बेरीज ३१ रुपये ५० पैसे. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा, म्हणजे बत्तीस. फरक एवढाच होता की सकाळच्या बिलात पाकीट शेवटी टाकलं होतं, दुपारच्या बिलात सुरुवातीला.

ओळींचा क्रम बदलला म्हणून बेरीज बदलावी, हे कुठल्याही दुकानदाराला पटणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पण संगणकाने दोन्ही वेळा त्याच्या नियमाप्रमाणेच गणित केलं होतं. तुम्ही आत्ता पायथॉनमध्ये करून बघा:

```python
10.10 + 20.20 + 1.20   # 31.499999999999996
1.20 + 10.10 + 20.20   # 31.5
```

पहिल्या बेरजेला `round` लावलं की ३१ मिळतात, दुसरीला लावलं की ३२. जावास्क्रिप्टमध्येही हेच दोन आकडे येतील, कारण दोन्ही भाषा अपूर्णांक एकाच साच्यात ठेवतात. तो साचा आयईईई ७५४ या मानकातला, १९८५ सालचा. त्याला आपण `double` म्हणतो.

आता हे का होतं? मला वाटतं, आपल्या जुन्या नाण्यांवरून ते चटकन कळेल. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. रुपयाचे दोन भाग केले की आठ आणे, पुन्हा दोन केले की चार आणे, मग दोन आणे, मग एक आणा, मग अर्धा आणा, मग पैसा. प्रत्येक पायरीला निम्मं. संगणकाला अपूर्णांक नेमका असाच लिहिता येतो: अर्धा, पाव, अष्टमांश, असं निम्म्या-निम्म्याने उतरत. जुना रुपया-आणा-पैशाचा हिशेब `double` मध्ये तंतोतंत बसला असता. पैशाच्या खाली गेलात की मात्र नाही, कारण पैशाच्या तीन पया होत्या आणि तिनाने भागणं दोनाच्या पायऱ्यांवर कुठेच येत नाही.

१९५७ ला आपण दशमान पद्धत घेतली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. शंभर म्हणजे दोनदा दोन आणि दोनदा पाच यांचा गुणाकार. ते दोन पाच इथे आडवे येतात. शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या पैशांच्या आकड्यांपैकी फक्त चार आकडे संगणकाला अपूर्णांक म्हणून अचूक लिहिता येतात: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. म्हणजे पूर्ण रुपया, चाराणे, आठाणे, बाराणे. बाकीचे शहाण्णव आकडे तो जवळच्या आकड्यावर बसवतो. आपण एक भागिले तीन लिहिताना ०.३३३ वर कुठेतरी थांबतो, तसंच. `double` मध्ये त्रेपन्न बिट मिळतात, तिथे तो थांबतो.

आमच्या बिलातले १०.१० आणि २०.२० हे दोन्ही आकडे साठवताना किंचित कमी साठवले जातात. त्यांची बेरीज करताना ती पुन्हा एकदा जवळच्या आकड्यावर बसवावी लागते, आणि तीही खालच्या बाजूला जाते. मग १.२० मिळवले तरी गाडी साडेएकतीसच्या एक पायरी खालीच राहते. पाकीट आधी घेतलं तर वाटेतल्या चुका वेगळ्या पडतात आणि उत्तर योगायोगाने नेमकं साडेएकतीसवर येतं. चूक केवढी, तर रुपयाच्या दशांश चिन्हापुढे पंधराव्या स्थानी. एवढी चूक कुणाला लागेल, असं बरेच जण विचारतात. ती लागते, कारण बिलाच्या शेवटी राउंड ऑफची ओळ आहे. पन्नास पैशांच्या अलीकडे खालचा रुपया, पलीकडे वरचा. चूक कितीही बारीक असो, ती त्या उंबरठ्यावर पडली की एका रुपयाची होते.

करामध्ये हाच उंबरठा प्रत्येक ओळीला येतो. समजा ४१ रुपयांची वस्तू आहे, तिला ५ टक्के जीएसटी. अडीच टक्के केंद्राचा, अडीच टक्के राज्याचा. ४१ चे अडीच टक्के म्हणजे एक रुपया अडीच पैसे, बरोबर मधोमध. आता दोन प्रोग्रामर हेच सूत्र दोन तऱ्हांनी लिहितात:

```python
round(41 * 0.025, 2)     # 1.03
round(41 * 2.5 / 100, 2) # 1.02
```

शाळेच्या गणितात या दोन ओळींत काहीच फरक नाही. इथे प्रत्येक करात एक पैसा आणि दोन्ही मिळून दोन पैसे फरक पडला. बिलं छापणारा कोड एकाने लिहिलेला असतो आणि महिन्याचा करअहवाल काढणारा दुसऱ्याने. मग दोन बेरजा जुळत नाहीत आणि बिचारा हिशेबनीस रात्री बसून पैसे शोधतो.

दोष ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. ग्राहकाने पूर्ण पैसे भरले तरी बिल "बाकी" यादीत दिसतं आणि बाकी रक्कम ०.०० छापली जाते. किंवा त्याहून स्पष्ट खूण, `-0.00`. शून्याच्या आधी उणे चिन्ह दिसलं की समजायचं, आत बहुधा शून्य नाही. शून्याजवळचा एखादा अपूर्णांक आहे. आमच्या बिलात राउंड ऑफ नसता आणि ग्राहकाने ३१.५० भरले असते, तर सकाळच्या बिलावर हेच छापलं गेलं असतं.

उपाय मी त्याच आठवड्यात केला. रक्कम रुपयात ठेवणं बंद केलं आणि पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवली. वही २०२०, रिफिल १०१०, पाकीट १२०. कुठल्याही क्रमाने मिळवा, ३१५० च येतात, कारण पूर्णांकांच्या बेरजेत बसवाबसवी करावीच लागत नाही. दशांश चिन्ह फक्त छापताना येतं. करही तसाच: अडीच टक्के म्हणजे दहा हजारात अडीचशे.

```python
(4100 * 250 + 5000) // 10000   # 103
(3150 + 50) // 100             # 32
```

भाजकाचा निम्मा आधी मिळवायचा आणि मग भाग द्यायचा, म्हणजे मधला आकडा नेहमी वर जातो. इथे `round` वर विसंबू नका. पायथॉनचं `round(30.5)` तीस देतं, कारण ते मधल्या आकड्याला जवळच्या समसंख्येकडे नेतं. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० कराची रक्कम रुपयात पूर्ण करताना पन्नास पैसे किंवा जास्त असल्यास वरचा रुपया धरायला सांगतं. भाषेचा नियम आणि कायद्याचा नियम वेगळा आहे, आणि पैसे पूर्णांकात ठेवले तरी हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो.

इथे मी स्वतः एकदा फसलो ते सांगतो. माल परत आला की उणे रकमेची क्रेडिट नोट निघते. पायथॉनमध्ये `(-3150 + 50) // 100` केलं की उत्तर उणे एकतीस येतं. बिल बत्तीसचं आणि परतावा एकतीसचा! म्हणून आधी चिन्ह बाजूला काढायचं, रक्कम पूर्ण करायची, मग चिन्ह परत लावायचं.

दुसरी फसगत रुपयाचे पैसे करताना होते. ४.३५ ला शंभराने गुणलं की `434.99999999999994` येतं आणि `int` लावलं की ४३४ उरतात. बाहेरून आलेली रक्कम अपूर्णांक होऊ न देता अक्षरं म्हणूनच वाचा, "4.35" या मजकुरातून ४३५ काढा. `Decimal("4.35")` चालेल, `Decimal(4.35)` नाही. दुसऱ्यात चूक आधीच शिरलेली असते.

डेटाबेसमध्ये `DECIMAL` वापरलं तर चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. चालेल, ते अचूक असतं. पण ती रक्कम जेसनमधून ब्राउझरमध्ये गेली की जावास्क्रिप्ट तिला पुन्हा `double` करतं. पूर्णांक पैसे तो प्रवास सुखरूप करतात. जावास्क्रिप्टमध्ये `9007199254740991` पर्यंतचे पूर्णांक सुरक्षित आहेत, आणि पैसे म्हणून तेवढे सुमारे नव्वद लाख कोटी रुपये होतात. डेटाबेसचा रकाना मात्र बत्तीस बिटांचा ठेवू नका. त्यात जास्तीत जास्त २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे मावतात; मुंबईतल्या अनेक फ्लॅटचं बिलही त्यात बसणार नाही. `BIGINT` घ्या आणि नावातच एकक लिहा: `amount_paise`. रेझरपेसारख्या सेवा रक्कम पैशांतच मागतात. तिथे पाचशे रुपयांसाठी ५०० पाठवलं तर ग्राहकाकडून पाच रुपये कापले जातात. नावात एकक असेल तर ही चूक वाचतानाच डोळ्यांत भरते.

शंभरचा आकडाही कोडभर पसरवू नका. जपानी येनला व्यवहारात लहान नाणंच नाही आणि कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात. आणि ज्या दरांत पैशाचाही अंश असतो, सुट्या मालाचे वगैरे, तिथे दर पैशाच्या शंभराव्या भागात ठेवा, वजन ग्रॅममध्ये ठेवा, गुणाकार पूर्णांकात करा आणि ओळीच्या शेवटी एकदाच पूर्ण पैशावर या.

त्या दुकानाची जुनी बिलं नव्या रकान्यात नेताना मी ती पुन्हा मोजली नाहीत. सकाळचं बिल एकतीसचं छापलं होतं, पैसे एकतीस घेतले होते, वहीत एकतीस लिहिले होते. नव्या रकान्यात ३१०० गेले, आणि राउंड ऑफच्या ओळीत उणे पन्नास पैसे.