मारबतीच्या दिवशीचा चौकोन

श्रोतेहो, नमस्कार. दहावीच्या गणिताचा अभ्यास आठवड्यांत कसा मांडायचा, हा आजचा विषय. पण आधी माझ्या भाचीचं ऐका.

ती इतवारीत राहते. दहावीत गेली तेव्हा तिनं भिंतीवर मोठा तक्ता लावला. बीजगणिताची सहा प्रकरणं, भूमितीची सात, एकूण तेरा. म्हणून आठवडेही तेरा. दर आठवड्याला एक प्रकरण, रंगीत पेनानं, खाली रेघ मारून. (रंगीत पेनांवर माझा फार राग आहे. दोन दिवस तक्ता सजवण्यात जातात आणि मग तो खोडावासा वाटत नाही.)

पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. ते आठवड्यात संपलं नाही. तिनं एक बाण काढला, पुढच्या चौकोनाकडे. वर्गसमीकरणं तर त्याहून लांबली. आणखी बाण. दर रविवारी बाण.

मग आला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरकरांना सांगायला नको, इतवारीत त्या दिवशी घराचं काय होतं ते. काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. घरात वीस पाहुणे, सगळे गॅलरीत. खालून आरोळी येते, "घेऊन जा गे मारबत!" आणि आमचा छोटा, म्हणजे भाचीचा भाऊ, गॅलरीतून ओरडला, "ताईची भूमिती घेऊन जा गे मारबत!"

सगळे हसले. ती आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ती तक्त्यासमोर उभी. त्या आठवड्याच्या चौकोनात लिहिलं होतं "सांख्यिकी", आणि पोरगी अजून समरूपतेत होती. म्हणाली, "मामाजी, रोज तर बसते जी मी. काहून मागे पडते?"

ती रोज बसत होती, हे खरं. मोजमाप चुकलं होतं. प्रकरण हे अभ्यासाचं माप नाही. तिच्या पुस्तकात रेषीय समीकरणांत पाच सरावसंच होते आणि पायथागोरसच्या प्रमेयात दोन. दोघांना सारखाच आठवडा कसा पुरेल? म्हणून आम्ही बैठका मोजल्या. बैठक म्हणजे पाऊण तास. एका सरावसंचाला दोन बैठका, शेवटच्या संकीर्ण प्रश्नांना दोन. पहिल्या सत्रापुरतं बघा: रेषीय समीकरणं १२ बैठका, वर्गसमीकरणं १४, समरूपता १०, पायथागोरस ६, वर्तुळ १२. बेरीज ५४. प्रकरणं नाही, बैठका मोजा.

आता आठवडे. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणून जून धरूच नका. (बाजारातले तयार तक्ते जूनच्या मध्यापासून सुरू होतात. करणाऱ्यानं नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नसावा.) जुलैपासून सत्र परीक्षेपर्यंत समजा १५ आठवडे. त्यातून पोळा-मारबतीचा एक गेला, महालक्ष्म्यांचा एक, घटक चाचणीचा एक, परीक्षेआधीच्या उजळणीचा एक. उरले ११. त्यातलेही दोन मुद्दाम मोकळे ठेवायचे, काहीच न लिहिता. राहिले ९. रविवार सोडून रोज एक बैठक, म्हणजे ५४. ही पाच प्रकरणं नेमकी बसतात. पण बसली म्हणून निर्धास्त राहू नका. पहिल्या दोन प्रकरणांना खरोखर किती बैठका लागल्या ते शेजारी लिहा. १४ च्या ठिकाणी १७ लागल्या, तर पुढचे आकडे तेव्हाच वाढवा आणि एक मोकळा आठवडा त्यात घाला.

रविवारी बैठक नाही, फक्त अर्धा तास उजळणी. सरत्या आठवड्यातली तीन गणितं, महिन्यापूर्वीची दोन, पुस्तक मिटून. महिन्यापूर्वीची अडली, तर त्या सरावसंचापुढे फुली.

आणि घरची चाचणी कधी? बहुतेक जण ती मोकळ्या आठवड्याच्या शेवटी ठेवतात, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. मी म्हणतो, सुरुवातीला ठेवा. सोमवारी चाचणी, मंगळवारपासून तिच्यात चुकलेलं आणि फुल्यांचं. शेवटी ठेवली तर चुका कळतात, पण दुरुस्तीला दिवसच उरत नाही. पुन्हा सांगतो, चाचणी आधी, मोकळे दिवस नंतर.

बाण मात्र काढायचा नाही. राहिलेलं मोकळ्या आठवड्यात जातं, पुढच्या चौकोनात नाही. तिथेही मावलं नाही, तर बैठकांचा अंदाज चुकलाय, तो नव्यानं करायचा.

यंदा तो छोटा दहावीत आहे. तक्ता ताईनं करून दिलाय, साध्या शिसपेन्सिलीनं. परवा पाहिला. मारबतीच्या दिवशीच्या चौकोनात तिनं लिहिलंय, "गॅलरी. पुस्तक उघडू नये."

नमस्कार.