धावती गाडी आणि तिची कड : रिअल टाइम मोशन ब्लर

मित्रहो, आज मी एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे : व्हिडिओ गेममधली गाडी पडद्यावरून धावताना तिला मोशन ब्लर, म्हणजे वेगामुळे दिसणारी धूसरता, दिला, तर तो तिच्या कडेपाशी का बिघडतो आणि तो सावरायचा कसा.

उदाहरण ठरवून घेऊ. पडदा 1920×1080 चा आहे, कॅमेरा स्थिर आहे आणि गाडी दर फ्रेमला 40 पिक्सेल उजवीकडे सरकते. शटर अर्धी फ्रेम उघडे राहते असे धरले, तर धूसर पट्टा 20 पिक्सेलचा होतो, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा पिक्सेल. हा वेग कळावा म्हणून गाडीचा प्रत्येक शिरोबिंदू दोनदा प्रक्षेपित करतात, एकदा चालू फ्रेमच्या आणि एकदा मागच्या फ्रेमच्या मॅट्रिक्सने, आणि पडद्यावरचा फरक वेग-बफरमध्ये लिहितात. जे जागचे हलत नाही, त्याचा वेग प्रत्येक पिक्सेलची कॅमेऱ्यापासूनची खोली साठवणारा डेप्थ बफर आणि कॅमेऱ्याचे मागचे मॅट्रिक्स यांवरूनच काढता येतो. हाडांवर हलणाऱ्या पात्रांसाठी मात्र हाडांची मागच्या फ्रेममधली स्थितीही जपून ठेवावी लागते. ती विसरली, तर स्थिर कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी धावणारे पात्र वेग-बफरमध्ये काळेच दिसते, म्हणून वेग-बफर रंगांत रंगवून पाहणे ही पहिली तपासणी.

आता प्रत्येक पिक्सेलने आपल्याच वेगाच्या रेषेवरचे नमुने गोळा करून सरासरी काढली, तर काय होते? गाडीच्या आत धूसरता येते, पण कडेच्या बाहेरचा रस्ता स्थिर असल्याने त्याचा वेग शून्य असतो, तो कुठेच पाहत नाही, आणि धूसर गाडीला कात्रीने कापल्यासारखी धारदार कड उरते. याउलट कॅमेरा गाडीबरोबर धावत असेल, तर गाडी पडद्यावर स्थिर राहते आणि रस्ता मागे पळतो. मग रस्त्याचे पिक्सेल नमुने घेताना गाडीवर जाऊन तिचा रंग उचलतात, आणि गाडीभोवती तिच्याच रंगाची झालर फरफटलेली दिसते. हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे नमुन्यांची संख्या वाढवून दोन्हींपैकी एकही जात नाही. उलट दोष अधिक गुळगुळीत दिसतो, इतकेच.

2012 मध्ये मॉर्गन मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या गाळणीने, म्हणजे फिल्टरने, यावर जो मार्ग दाखवला, तो मला अजूनही सर्वांत स्वच्छ वाटतो. पडद्याचे 20×20 पिक्सेलचे चौकोन पाडायचे (आपल्या पडद्यावर 96×54 भरतात), प्रत्येक चौकोनातला सर्वांत मोठा वेग शोधायचा आणि मग शेजारचे आठ चौकोन धरून पुन्हा मोठ्यात मोठा निवडायचा. आता कडेबाहेरच्या स्थिर रस्त्यालाही जवळून कुणीतरी वेगाने जाते आहे हे कळते, आणि तो त्या दिशेने नमुने घेतो.

पण दिशा कळली म्हणून प्रत्येक नमुना स्वीकारायचा नसतो. नमुना आपल्या पुढे आहे की मागे, हे खोलीवरून ठरते. पुढे असेल तर त्याचा स्वतःचा ब्लर आपल्यापर्यंत पोहोचतो का, ते पाहायचे. मागे असेल तर आपला ब्लर किती आहे तेवढे झिरपू द्यायचे. वजनाचे सूत्र साधे आहे :

```
w = clamp(1 - d / len, 0, 1)
```

`d` हे दोघांतले अंतर आणि `len` ही ज्याचा ब्लर पाहायचा त्याची लांबी. रस्त्यावरच्या पिक्सेलपासून गाडीचा नमुना 8 पिक्सेल दूर असेल, तर वजन 1 − 8/10, म्हणजे 0.2 : गाडीची कड बाहेर विरत जाते. गाडीच्या आतल्या पिक्सेलपासून रस्ता 5 पिक्सेल दूर असेल, तर 0.5 : कडेजवळ गाडी अर्धपारदर्शक होते. आणि कॅमेरा गाडीबरोबर धावत असेल, तर पुढे असलेल्या गाडीचा ब्लर शून्य, म्हणून तिचे वजनही शून्य (प्रत्यक्ष शेडरमध्ये शून्याने भागू नये म्हणून `len` ला छोटी किमान मर्यादा द्यावी लागते). झालर जाते. खोलीची तुलना मात्र एकदम हो-नाही अशी न करता थोड्या अंतरात हळूहळू बदलणारी ठेवावी, नाहीतर कलत्या पृष्ठभागावर पट्टे उमटतात.

या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे. गाडीमागे नेमके काय होते, ते बफरमध्ये नसतेच. आपण शेजारच्या रस्त्याचा रंग उसना घेतो. मागे साधा डांबरी रस्ता असेल तर चालून जाते, पण जाळीचे कुंपण असेल तर कडेच्या आत चुकीचे गज दिसतात. दुसरे असे की एका चौकोनाला एकच दिशा मिळते. गाडी उजवीकडे जात असताना कॅमेरा वर वळला, तर गाडीजवळची पार्श्वभूमी चुकीच्या दिशेने धूसर होते आणि चौकोनांच्या सीमा दिसू लागतात. त्यावर काही नमुने चौकोनाच्या दिशेने आणि काही पिक्सेलच्या स्वतःच्या दिशेने घेण्याचा उपाय नंतर आला, आणि चौकोन निवडताना थोडी यादृच्छिक सरक दिली की सीमा गोंगाटात विरते. दृश्य एकदम बदलते, त्या फ्रेमला मात्र मागचे मॅट्रिक्स चालू मॅट्रिक्सइतकेच ठेवावे. नाहीतर एका फ्रेमपुरता सगळा पडदा फरफटतो, आणि खेळ थांबवून एकेक फ्रेम पुढे नेली तरच तो दोष सापडतो.