घरच्या संगणकावरचा खेळ दुसऱ्या पडद्यावर: विलंब नेमका कुठे होतो?

आजच्या विषयाची व्याप्ती मी मुद्दाम लहान ठेवली आहे. घरात चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला एक डेस्कटॉप आहे, त्यावरचा जड खेळ किंवा ब्लेंडरसारखा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवर किंवा फोनवर चालवायचा आहे, आणि माउस हलवल्यावर चित्र हलायला जाणवण्याइतका उशीर होऊ द्यायचा नाही. एवढाच प्रश्न आपण पाहणार आहोत. साधने अनेक असली तरी मी डेस्कटॉपवरून चित्र पाठवणारा सनशाइन आणि ते दुसऱ्या उपकरणावर दाखवणारा मूनलाइट या जोडीबद्दल बोलेन, कारण ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उशीर कुठे होतो आहे याचे आकडे ती पडद्यावर दाखवते. मूनलाइटची सुरुवात २०१३मध्ये अमेरिकेतील काही विद्यार्थ्यांनी केली. एनव्हिडियाच्या गेमस्ट्रीम या सोयीचे चित्र इतर उपकरणांवर आणणे हा तेव्हाचा हेतू होता. एनव्हिडियाने ती सोय बंद करण्याची घोषणा २०२२च्या अखेरीस केली, तेव्हा मूळ संगणकाच्या बाजूचे काम करणारा सनशाइन तयार होता आणि तो एएमडी व इंटेलच्या कार्डांवरही चालत होता.

जोडणीची कृती थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपवर सनशाइन बसवून त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये `https://localhost:47990` हे पान उघडायचे. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देतो. पान आपल्याच यंत्रावरचे असल्यामुळे पुढे जायला हरकत नाही. तेथे नाव आणि पासवर्ड ठरवायचा. लॅपटॉपवर मूनलाइट उघडल्यावर घरातला डेस्कटॉप आपोआप दिसतो. त्यावर टिचकी मारली की चार अंकी पिन येतो, तो सनशाइनच्या पानावर टाकला की जोडणी पूर्ण होते. इथपर्यंत सहसा कुणाचे अडत नाही. अडते ते त्यानंतर, चित्र येते पण हाताबरोबर येत नाही तेव्हा.

यासाठी एका फ्रेमचा प्रवास समजून घ्यावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. डेस्कटॉपवर चित्र तयार झाले की सनशाइन ते पडद्यावरून उचलतो, ग्राफिक्स कार्डावरचा वेगळा एन्कोडर त्याचे आकारमान घटवतो, त्याचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेटे, नेटवर्कवरून जातात, लॅपटॉपचा डीकोडर ती पुन्हा चित्रात बदलतो, आणि मग लॅपटॉपचा पडदा पुढच्या ठोक्याला ते दाखवतो. आपण इंटरनेटवर चित्रपट पाहतो तेव्हाही हेच टप्पे असतात, परंतु तेथे काही सेकंदांचा साठा आधी भरून ठेवलेला असतो, त्यामुळे मध्ये एखादे पॅकेट रखडले तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. खेळात असा साठा ठेवताच येत नाही, कारण पुढची फ्रेम तुमचे बोट काय करणार यावर ठरायची असते. म्हणून येथे पॅकेटे यूडीपी या पोचपावतीची वाट न पाहणाऱ्या पद्धतीने पाठवली जातात आणि हरवलेले पॅकेट परत मागवण्याची वाट न पाहता, मुळातच काही जादा दुरुस्ती-पॅकेटे सोबत दिली जातात.

हे जरा जवळून पाहू. १०८० पिक्सेल उंचीच्या, ६० फ्रेमच्या चित्राला मूनलाइट सुरुवातीला सेकंदाला २० मेगाबिटचा बिटरेट धरतो. त्याला ६०ने भागले तर एका फ्रेमला साधारण ४२ किलोबाइट येतात, म्हणजे सुमारे ३० पॅकेटे. सनशाइन त्यावर नेहमीच्या मांडणीत २० टक्के दुरुस्ती-पॅकेटे घालतो, म्हणजे आणखी ६. छत्तीसपैकी कोणतीही तीस पोहोचली तर फ्रेम पूर्ण उभी राहते. सात हरवली तर ती फ्रेम गेली, आणि प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेममधला फरकच सांगत असल्यामुळे पुढच्या फ्रेमही अडचणीत येतात; मग लॅपटॉप मूळ संगणकाला कळवतो आणि चित्र पुन्हा सावरेपर्यंत डोळ्यांना झटका जाणवतो. यावरून एक गोष्ट लक्षात येईल की येथे सेकंदाला किती मेगाबिट जातात यापेक्षा ती छत्तीस पॅकेटे वेळेत आणि सलग येतात की नाही, याला जास्त महत्त्व आहे. शंभर मेगाबिटची लाइन घेऊनही खेळ अडखळतो, अशी तक्रार करणाऱ्यांचे दुखणे बहुधा येथेच असते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डेस्कटॉपमध्ये जीटीएक्स १६६० कार्ड, लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीतला, दोन्ही वाय-फायवर. खेळ सुरू होता, पण तो खेळण्याजोगा नव्हता. मूनलाइटमध्ये Ctrl+Alt+Shift+S दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात आकडे येतात. (बाहेर पडण्यासाठी याच जुळणीत शेवटी Q दाबायचे असते, हेही लक्षात ठेवा, पूर्ण पडद्यात अडकलेले बरेच जण थेट लॅपटॉप बंद करतात.) तेथे Average decoding time समोर २४ मिलिसेकंद होते. एक फ्रेम उलगडायला २४ लागत असतील तर सेकंदाला जेमतेम ४१ फ्रेम निघतात, आणि येत होत्या ६०. नेटवर्क कितीही चांगले केले असते तरी हा हिशेब जुळलाच नसता. कारणही सापडले: मूनलाइटच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी हा कोडेक, म्हणजे व्हिडिओ लहान करून पुन्हा उलगडण्याची पद्धत, हट्टाने निवडलेला होता, कारण तो नवा आणि अधिक चांगला असे कुठेतरी वाचले होते. इंटेलच्या त्या पिढीत एचईव्हीसी उलगडणारे पूर्ण हार्डवेअर नाही, म्हणून सारा भार प्रोसेसरवर पडत होता आणि पंखा घोंघावत होता. एच.२६४ निवडताच हा आकडा ३ वर आला. जुन्या उपकरणासाठी कोडेक निवडताना पाठवणाऱ्याची नव्हे तर घेणाऱ्याची ताकद पाहायची असते, आणि स्वतःला खात्री नसेल तर ती निवड मूनलाइटवर सोडावी.

दुसरी ओळ Host processing latency ही होती. तिथे सरासरी १४ आणि कमाल ४० मिलिसेकंद दिसत होते. एन्कोडर वेगळा असतो, मग मूळ संगणकावर एवढा उशीर का, असा प्रश्न साहजिक आहे. खेळाला फ्रेमची मर्यादा घातलेली नव्हती. तो जमेल तितक्या फ्रेम काढत होता आणि ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर होते. पडद्यावरून चित्र उचलणे आणि त्याचे रंग एन्कोडरला हव्या त्या रूपात बदलणे ही कामे त्याच कार्डाच्या मुख्य भागावर होतात, आणि ती खेळाच्या कामामागे रांगेत उभी राहतात. खेळात ६० फ्रेमची मर्यादा घातल्यावर कार्डाला श्वास घ्यायला जागा मिळाली आणि सरासरी ५ पर्यंत उतरली. ज्या फ्रेम लॅपटॉपपर्यंत जाणारच नाहीत त्या काढून काहीच मिळत नव्हते. माझ्या मते नवख्या लोकांनी सर्वात आधी करावी आणि सर्वात शेवटी सुचते, अशी ही एक गोष्ट आहे.

तिसरा आकडा नेटवर्कचा. सरासरी ९ मिलिसेकंद, ऐकायला चांगली. पण शेजारी लिहिलेला variance, म्हणजे चढउतार, २० होता. सरासरी फसवते आणि खरी खोड या दुसऱ्या आकड्यात असते. वाय-फायच्या एका वाहिनीवर सहसा एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. डेस्कटॉपही वाय-फायवर असेल तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते, एकदा डेस्कटॉपकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून लॅपटॉपकडे, आणि दोन्ही वेळा त्याच वाहिनीवर जागा मागते. डेस्कटॉप राउटरला केबलने जोडला आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर ठेवला, तेव्हा सरासरी ३ आणि variance २ झाला. केबल भिंतीतून नेणे ही कटकट असते, हे मान्य. पण दोन्ही टोकांना केबल शक्य नसेल तर निदान डेस्कटॉपच्या टोकाला तरी ती हवीच. एवढे करूनही ठराविक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा झटका येत असेल, तर लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड मधूनमधून आसपासची इतर नेटवर्क शोधायला जाते, हे कारण तपासावे. अनियमित झटके आणि नियमित झटके यांची कारणे सहसा वेगळी असतात.

घराबाहेरून जोडताना आपल्याकडे एक खास अडचण येते. भारतातील बऱ्याच घरगुती आणि मोबाइल जोडण्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठीचे दार, उघडूनही बाहेरचे पॅकेट घरापर्यंत पोहोचत नाही. यावर टेलस्केलसारखे खाजगी जाळे उभारणे हा सोपा मार्ग आहे, आणि सनशाइनचे पोर्ट उघड्यावर ठेवण्यापेक्षा तो सुरक्षितही आहे. मात्र टेलस्केलला दोन यंत्रांमध्ये थेट वाट सापडली नाही तर तो पॅकेटे मधल्या सर्व्हरवरून फिरवतो, आणि तो सर्व्हर दूरच्या शहरात असू शकतो. हे ओळखण्यासाठी लॅपटॉपवर पुढील आज्ञा द्यावी, शेवटी आपल्या डेस्कटॉपचे त्या जाळ्यातले नाव लिहून.

```
tailscale ping desktop
```

उत्तरात via DERP, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, असे येतच राहिले तर वाट वळशाची आहे. आयपी पत्ता आणि पोर्ट दिसू लागले तर थेट आहे. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ चालू असेल तर थेट वाट मिळण्याची शक्यता बरीच वाढते. बाहेरून खेळताना घरच्या लाइनचा अपलोड वेग मोजावा, डाउनलोड नव्हे, आणि बिटरेट त्याच्या निम्म्याहून फार वर नेऊ नये. लाइन काठोकाठ भरली की राउटरच्या आत पॅकेटांची रांग लागते. ती हरवत नाहीत, पण उशिरा येतात, आणि आपल्या कामात उशिरा आलेले पॅकेट हरवल्यासारखेच असते.

ब्लेंडर किंवा कॅडवर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घरातला मॉनिटर बंद असेल तर काही वेळा ग्राफिक्स कार्डाला पडदाच सापडत नाही आणि मूनलाइटमध्ये चूक येते. बाजारात मिळणारा छोटा एचडीएमआय डमी प्लग लावला की कार्डाला पडदा असल्याचे वाटते. दुसरे, व्हिडिओचा नेहमीचा प्रकार रंगाची माहिती चित्राच्या चौथाई तपशिलात साठवतो. खेळात ते लक्षात येत नाही, पण काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे पुसट दिसतात. सनशाइन-मूनलाइटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पूर्ण रंगाचा पर्याय आहे, फक्त दोन्ही बाजूंच्या हार्डवेअरला तो झेपायला हवा, नाहीतर मघाचा २४ मिलिसेकंदांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

परदेशात शिकणारी मुले विचारतात की पुण्यातला घरचा डेस्कटॉप लंडनहून वापरता येईल का. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. पुणे ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,००० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येऊन किमान ७० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या पुढेच. हा भाग कोणत्याही सेटिंगने कमी होत नाही. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा खेळ किंवा रेंडर लावून निकाल पाहणे एवढे त्यात नीट जमते. नेमबाजीचा खेळ जमत नाही, आणि ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवताना माउस सोडून चित्र थांबण्याची वाट पाहावी लागते.