स्टीमचा रिफंड: दोन तास कुठून मोजतात आणि चौदा दिवस कुठून?

नमस्कार मंडळी. गेम विकत घेतला, डाउनलोड केला, चालू केला आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की हा काही आपल्याला झेपणारा नाही, किंवा आपल्या मशीनला झेपणारा नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अशा वेळी पैसे परत मागता येतात. ते चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने जून २०१५ मध्ये ही सोय सुरू केली. नियम एका वाक्याचा आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागणी करा, आणि तोपर्यंत गेम २ तासांपेक्षा कमी चाललेला असावा. कारण कुठलंही चालतं. आवडला नाही, एवढंही पुरतं.

वाक्य सोपं आहे, पण त्यात दोन घड्याळं आहेत. दोन्ही एकाच वेळी सुरू होतात असं बहुतेक जण धरून चालतात, आणि बरेचसे रिफंड तिथेच हुकतात. म्हणून आज मी फक्त या दोन घड्याळांबद्दलच बोलणार आहे. कुठलं कधी सुरू होतं, आणि पानावर ते कसं वाचायचं.

[स्क्रीनवर: मदतीचं पान]

आधी पान उघडूया. ब्राउझरमध्ये help.steampowered.com टाइप करा आणि तुमच्या खात्याने लॉगिन करा. अलीकडच्या खरेदीतून गेम निवडा. पुढे जे पर्याय दिसतील त्यात "I would like a refund" असं लिहिलेलं असेल ते, आणि त्यापुढे "I'd like to request a refund". एवढं केलं तरी अजून काहीही पाठवलं गेलेलं नाही. अर्ज भरून शेवटचं बटण दाबेपर्यंत तुम्ही नुसतं वाचताय, तेव्हा घाबरू नका. इथे घाई न करता दोनच गोष्टी बघायच्या: खरेदीची तारीख आणि खेळण्याचा वेळ.

तारखेपासून सुरुवात करू. हे घड्याळ पैसे भरले त्या दिवशी सुरू होतं. तुम्ही गेम कधी डाउनलोड केला, पहिल्यांदा कधी उघडला, याचा इथे काहीही संबंध नाही. सेलमध्ये पाच गेम एकदम घेऊन ठेवले आणि तिसरा महिनाभराने उघडला, तर खेळण्याचा वेळ शून्य असूनही तो १४ दिवसांच्या बाहेर गेलेला आहे. सेलमध्ये घेणाऱ्यांना माझा आग्रह आहे, घेतलेला प्रत्येक गेम पहिल्याच आठवड्यात एकदा तरी उघडून बघा. चालतो की नाही एवढं कळलं तरी पुरे.

आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. ५ मार्चला खरेदी केली असेल तर १९ मार्चच्या रात्री अर्ज करायला बसणं धोक्याचं आहे. दुकान परदेशात आहे, त्यांची मध्यरात्र आणि तुमची मध्यरात्र एकाच वेळी होत नाही. एक दिवस हातचा राखा. दुसऱ्या एखाद्या परदेशी दुकानाच्या पानावर तारीख नुसती आकड्यांत असेल तर आणखी एक काळजी घ्या: अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात. 03/05 म्हणजे तिथे ५ मार्च. तुम्ही ते ३ मे समजलात तर हिशेब दोन महिन्यांनी चुकेल. खरेदीच्या वेळी आलेली पावतीची ईमेल काढून ताडून बघा.

आता दुसरं घड्याळ, खेळण्याचा वेळ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

स्टीम तुमचं खेळणं मोजत नाही. तो मोजतो गेमचा प्रोग्राम किती वेळ चालू होता ते. तुम्ही मेनूमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंग बदलत बसलात, तो वेळ धरला जातो. गेम पॉज करून जेवायला गेलात, तोही धरला जातो. काही गेम सुरू होण्याआधी त्या कंपनीचा स्वतःचा लाँचर उघडतात, आणि त्या लाँचरमध्ये खातं उघडण्यात, अपडेट उतरवण्यात जो वेळ जातो, तोही बहुतेक वेळा यातच जमा होतो. ज्याच्या मशीनवर गेम अडखळतो त्याच्यावर तर हा अन्यायच आहे, कारण सेटिंग खालीवर करून बघण्यातच त्याचा तासभर निघून जातो आणि खेळणं बाजूलाच राहतं.

एक खूण सांगतो. गेम बंद केल्यावर लायब्ररीत जाऊन बटणाकडे बघा. तिथे परत हिरवं "Play" आलं असेल तर गेम खरंच बंद झाला. अजून "Stop" दिसत असेल, तर खिडकी गेली पण प्रोग्राम मागे चालूच आहे आणि घड्याळही चालू आहे. क्रॅश झालेल्या गेमच्या बाबतीत हे घडू शकतं. ते "Stop" दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम संपवा. रात्रभर असा गेम अडकून राहिला तर सकाळी वेळेत आठ तास दिसतील, आणि त्यातला एक मिनिटही तुम्ही खेळलेला नसेल.

[स्क्रीनवर: प्रोफाइलवरील वेळेचा आकडा]

आता हा आकडा नीट बघा. प्रोफाइलवर वेळ असा लिहिलेला असतो: "1.9 hrs on record". खूप जणांना हा एक तास नऊ मिनिटं वाटतो. तसं नाही, हा दशांश आहे. एका तासाचा दहावा भाग म्हणजे ६ मिनिटं, म्हणून .9 म्हणजे ५४ मिनिटं. 1.9 म्हणजे एक तास चोपन्न मिनिटं. "अजून पन्नास मिनिटं आहेत की हातात" असं समजून पुन्हा गेम उघडलात तर सहा मिनिटांत हद्द ओलांडाल. 1.5 दिसलं की थांबा आणि ठरवा, ठेवायचा की परत करायचा.

आता जिथे ही दोन घड्याळं वेगवेगळ्या दिवशी सुरू होतात तो प्रकार बघू. गेम पूर्ण प्रकाशित होण्याआधीच विकत घेणं, म्हणजे अर्ली ॲक्सेस, किंवा जास्त पैसे भरून काही दिवस आधी खेळायला मिळणारा ॲडव्हान्स्ड ॲक्सेस. पूर्वी ॲडव्हान्स्ड ॲक्सेसमध्ये खेळलेला वेळ मोजलाच जात नव्हता. काही जण आधीच्या दिवसांत आख्खा गेम खेळून घ्यायचे आणि प्रकाशनाच्या दिवशी परत करायचे. एप्रिल २०२४ मध्ये वॉल्व्हने ती पळवाट बुजवली. आता नियम असा आहे: २ तासांचं घड्याळ तुम्ही खेळायला लागलात की लगेच सुरू, पण १४ दिवसांचं घड्याळ सुरू होतं प्रकाशनाच्या तारखेला.

उदाहरण घेऊ. तुम्ही ५ मार्चला अर्ली ॲक्सेसमधला गेम घेतला आणि ५० मिनिटं खेळून बाजूला ठेवला. गेम पूर्ण स्वरूपात आला २० ऑगस्टला. तुम्ही परत ४० मिनिटं खेळलात आणि वाटलं, नको. खरेदीची तारीख बघितली तर साडेपाच महिने झालेत, आणि इथेच माणूस अर्ज न करता पान बंद करतो. पण १४ दिवस २० ऑगस्टपासून मोजायचे आहेत, म्हणजे ३ सप्टेंबरपर्यंत. आणि खेळण्याचा वेळ, ५० अधिक ४०, दीड तास. दोन्ही अटींत तुम्ही बसता. अर्ज करा.

उलट बाजूही बघा. मार्चमध्येच सव्वादोन तास खेळला असाल, तर ऑगस्टमध्ये गेम पूर्ण झाला म्हणून तो वेळ पुसला जात नाही. प्रीऑर्डर केलेला आणि अजून खेळताच येत नसलेला गेम मात्र अगदी सोपा: प्रकाशनाआधी कधीही परत मागा, प्रकाशनानंतर नेहमीचा नियम.

दुसरा फसवा आकडा डीएलसीचा, म्हणजे मूळ गेमला जोडायला वेगळा विकत घ्यायच्या भागाचा. मूळ गेम तुम्ही वर्षभर खेळताय, पानावर साठ तास दिसतायत, आणि नवी डीएलसी पटली नाही. साठ तास बघून हात आखडता घेऊ नका. डीएलसीसाठी मूळ गेमचे तास डीएलसी घेतल्यानंतरचेच धरतात. घेताना 58.4 होते आणि आता 59.7 झालेत, तर तुमच्या नावावर 1.3 तास आहेत, म्हणजे एक तास अठरा मिनिटं. १४ दिवसांच्या आत असाल तर मागणी करता येते. अट एवढीच की डीएलसीतली वस्तू वापरून संपवलेली, बदललेली किंवा कुणाला दिलेली नसावी. म्हणून डीएलसी घेताना मूळ गेमचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा, कारण नंतर ही वजाबाकी करायला तो आकडा लागतोच. काही गेमच्या डीएलसी मात्र परत घेतल्याच जात नाहीत, आणि ते खरेदीआधी त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं.

बंडल, म्हणजे एकत्र विकलेले गेम, असतील तर वेळेची बेरीज होते. तीन गेम, ५० मिनिटं, ४५ मिनिटं आणि ३० मिनिटं. एकही दोन तासांच्या जवळपास नाही, पण मिळून १२५ मिनिटं झाली आणि बंडल नियमाबाहेर गेलं.

दुसऱ्या साइटवरून गेमची की, म्हणजे कोड, विकत घेऊन स्टीमवर टाकली असेल तर या पानाचा उपयोग नाही. पैसे स्टीमकडे गेलेलेच नाहीत, ज्याच्याकडे दिले त्याच्याकडेच मागायचे.

एक शंका बऱ्याच जणांच्या मनात असते. गेम घेतला आणि दोनच दिवसांत त्यावर सेल लागला. परत करून स्वस्तात पुन्हा घेतला तर खात्यावर कारवाई होईल का? वॉल्व्हने हे धोरणातच लिहून ठेवलंय की याला ते गैरवापर मानत नाहीत. रिफंडचा वापर फुकटात गेम खेळायला केला, असं त्यांना दिसलं तर मात्र पुढचे रिफंड ते बंद करू शकतात.

[स्क्रीनवर: अर्जाचं पान]

आता अर्ज. पैसे कुठे हवेत ते निवडा: स्टीम वॉलेटमध्ये की ज्या मार्गाने भरले तिकडे. वॉलेट निवडलं तर ते पैसे स्टीमवरच खर्च करता येतात, हे ध्यानात ठेवून निवडा. खाली टिपणीची जागा असते. नियमात बसत असाल तर एक ओळ पुरे. नियमाबाहेर असाल तरी अर्ज करता येतो, ते तपासून बघतात, पण मिळेलच याची हमी नाही. अशा वेळी टिपणीत नेमकं लिहा: गेम किती वेळा क्रॅश झाला, कुठल्या तारखेला प्रोग्राम अडकून राहिला, प्रत्यक्षात किती खेळलात. "खूप वाईट गेम आहे" याने वाचणाऱ्याला काही कळत नाही. "१२ तारखेला रात्री गेम हँग झाला, सकाळपर्यंत प्रोग्राम चालू राहिला, म्हणून वेळेत आठ तास दिसतायत" याने कळतं.

मग "Submit request" दाबा. पोच ईमेलने येते. मंजुरी मिळाल्यावर आठवड्याभरात पैसे परत येतात असं स्टीम सांगतं. परदेशी व्यवहारात बँकेकडून आणखी काही दिवस लागू शकतात, तेव्हा आठवडा उलटला आणि खात्यात काही दिसलं नाही, तर स्टीमची मंजुरीची ईमेल घेऊन आधी बँकेकडे चौकशी करा.