मोड आलेल्या कडधान्याला वाफ का हवी

परवा सकाळी अजिंक्यताऱ्यावरून उतरताना पायथ्याशी एका तरुणानं माझ्यापुढे द्रोण धरला. कच्चे मोड आलेले मूग, हरभरे, वर लिंबू. "घ्या काका, एकदम नैसर्गिक." मी घेतला नाही. का, ते सांगायलाच आज उभा आहे.

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत माणसं रक्ताच्या जुलाबानं आजारी पडू लागली, कित्येकांची मूत्रपिंडं निकामी झाली. आधी संशय काकडीवर गेला आणि स्पेनच्या शेतकऱ्यांना मालाचे ढीग फेकून द्यावे लागले. त्या शेतकऱ्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण काकडी निर्दोष होती. माग लागला तो मोडांचा! पन्नासहून अधिक माणसं दगावली होती.

पुढचं नीट ऐका. जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ तोच जिवाणू निघाला. तिथल्या लोकांनी सूपवर घालून खाल्लेले मोड तिथंच काढलेले होते. जर्मनीतल्या मोडांशी त्यांचा काही संबंध नव्हता. दोन्हीकडे समान काय, तर इजिप्तहून आलेले मेथीचे दाणे. आपल्या फोडणीतली मेथी! म्हणजे दोष मोड काढणाऱ्याच्या हातात नव्हता, तो दाण्यातून आला असणार, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

आता आपल्या घरी या. आई मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून पंचात बांधायची. ते गाठोडं दुपारी उघडलं की हाताला ऊब लागायची, मला अजून आठवते. ती ऊब आणि ओल मोडाला हवी, तशीच जिवाणूलाही. दाण्याच्या बारीक चिरेत शेणखतातून किंवा पाण्यातून आलेले चार जिवाणू बसलेले असले, तर दीड-दोन दिवसांत त्यांचे लाखो होतात. वरून कितीही धुवा, चिरेतला निघत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तर वाढ मंदावते, पण झालेली वाढ उणी होत नाही. आणि वासावर जाऊ नका. आंबूस वास, बुळबुळीत मोड दिसले तर टाकाच. पण पोट बिघडवणारा जिवाणू पुष्कळदा वास देतच नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, म्हणून उरलेलं भराभर सांगतो. प्रत्येक द्रोणात विष असतं, असं मी म्हणत नाही. पुष्कळजण वर्षानुवर्षं खातात आणि त्यांना काही होत नाही. पण लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, यांना कच्चे मोड देऊच नका.

"शिजवलं की सत्त्व जातं" असं म्हणतात. क जीवनसत्त्व थोडं जातं, खरं आहे. प्रथिनं मात्र जात नाहीत, उलट ती पचायला सोपी होतात. राजम्याला तर मोड आले तरी तो कच्चा खायचाच नाही, त्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या होतात. तो मंद आचेवरही नको, चांगला उकळूनच घ्या.

मटकी-मुगाला उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं पुरतात. दाणा आतपर्यंत चटका बसण्याइतका गरम झाला पाहिजे. फोडणीत नुसता परतलेला दाणा मध्ये गारच राहतो. आणि उरलेली उसळ ओट्यावर रात्रभर ठेवू नका, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा.